टूर एक, आकडे तीन

सोमवारी रात्री आठच्या बसने पुण्याहून निघालेला सर्व्हिस इंजिनिअर मंगळवारी सकाळी साडेनऊला नागपुरात उतरतो. दोन दिवस ग्राहकाच्या कारखान्यात मशीनचं काम करतो, मंगळवारची रात्र हॉटेलात काढतो, बुधवारी संध्याकाळी सहाची बस धरतो आणि गुरुवारी सकाळी साडेसातला पुण्यात परततो. त्याच्या कंपनीचा जेवणखाणाचा भत्ता, म्हणजे सगळे ज्याला नुसतं डीए म्हणतात तो, दिवसाला ६०० रुपये आहे असं धरू. मग या टूरचा डीए किती झाला?

इंजिनिअर बोटांवर मोजतो. सोम, मंगळ, बुध, गुरू असे चार दिवस, म्हणजे २,४०० रुपये. अकाउंट्समधला कारकून घड्याळ लावतो. निघाल्यापासून परतेपर्यंत साडेएकोणसाठ तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि वर साडेअकरा तास. वरच्या तासांचे ७० टक्के धरून तो १,६२० रुपये काढतो. तिसरा एखादा, केंद्र सरकारच्या नियमांत मुरलेला, प्रत्येक तारीख मध्यरात्र ते मध्यरात्र अशी वेगळी धरतो. सोमवारचे चारच तास, म्हणून ३० टक्के. मंगळवार आणि बुधवार पूर्ण. गुरुवारचे साडेसात तास, म्हणून ७० टक्के. बेरीज होते तीन दिवसांची, १,८०० रुपये.

यात लबाडी कुणाचीच नाही. कंपनीच्या नियमात ‘दररोज ६०० रुपये’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि ‘दररोज’ म्हणजे काय हे ज्याने-त्याने आपल्या सोयीने किंवा सवयीने ठरवलं. टीए बिलावरून ऑफिसात होणारी बहुतेक धुसफूस याच जातीची असते. पैसे किती द्यायचे यावर फारसं भांडण नसतं. मोजायचे कसे, पुरावा कोणता आणि मुदत कुठून धरायची, हे लिहिलेलं नसतं. म्हणून प्रवासखर्चाचं धोरण नव्याने लिहायला घेतलं की काम मुख्यतः या तीन जागी असतं.

एका वाक्यात पाच पळवाटा

अनेक कंपन्यांच्या, संस्थांच्या नियमपुस्तिकेत प्रवासखर्चाचं कलम साधारण असं असतं: ‘कर्मचाऱ्यास कार्यालयीन प्रवासादरम्यान झालेला रास्त व प्रत्यक्ष खर्च, आवश्यक त्या पावत्या सादर केल्यास, सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने प्रतिपूर्तीस पात्र राहील. दावे विहित मुदतीत सादर करावेत.’

वाचायला भारदस्त, पण टूरवरून परतलेल्या माणसाच्या उपयोगाचं यात काही नाही. ‘रास्त’ म्हणजे किती रुपये? ‘आवश्यक त्या’ पावत्या कोणत्या, आणि रिक्षावाल्याने पावती दिली नाही तर? ‘सक्षम अधिकारी’ म्हणजे विभागप्रमुख, फायनान्स मॅनेजर की थेट मालक? ‘विहित मुदत’ कुठे विहित केली आहे? आणि ‘पात्र राहील’ म्हणजे पैसे मिळतील, की मिळू शकतील? पाच शब्दांत पाच प्रश्न दडले आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर बिल पास करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं आहे. मुरलेला कर्मचारी ती मर्जी ओळखून असतो. फायनान्सला काय चालतं, काय नाही, हे त्याला पाठ असतं. सहा महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा मात्र खिशातले पैसे घालून परततो आणि बिल अडकल्यावर नियम शिकतो.

नवं धोरण लिहायला बसताना दुसऱ्या कंपनीचं धोरण समोर ठेवून शब्द बदलण्याचा मोह होतो. त्यापेक्षा आपल्याच अकाउंट्समधली फाइल उघडलेली बरी. गेल्या सहा महिन्यांत परत पाठवलेली, कापलेली किंवा लोंबकळत राहिलेली बिलं बाहेर काढायची आणि प्रत्येकावर कारण लिहायचं. ‘हॉटेलचं बिल मर्यादेपेक्षा जास्त’, ‘टॅक्सीची पावती नाही’, ‘बिल उशिरा आलं’, ‘बिलावर कंपनीचं नाव नाही’, ‘साहेबांची सही नाही’. थोड्याच वेळात तीच-तीच कारणं पुन्हा यायला लागतात. नव्या धोरणाला ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत, त्यांची यादी तीच. ज्यावरून कधीच वाद झाला नाही, त्यासाठी पानभर कलमं लिहायची गरज नसते.

मर्यादा: आकडा लिहून भागत नाही

मर्यादा ठरवायची म्हणजे आकडा लिहायचा, असं वाटतं. पण नुसता आकडा अर्धवटच असतो. हॉटेलचं उदाहरण घेऊ. ‘हॉटेल खर्च २,५०० रुपयांपर्यंत’ असं धोरणात आहे. नागपूरच्या हॉटेलात खोलीचं भाडं २,४५० रुपये. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे इथे १२२ रुपये ५० पैसे. बिल झालं २,५७२ रुपये ५० पैसे. इंजिनिअर म्हणतो, भाडं मर्यादेत आहे. अकाउंट्स म्हणतं, बिल मर्यादेबाहेर आहे. साडेबाहत्तर रुपयांसाठी दोन मेल, एक फोन आणि विभागप्रमुखाची एक वैतागलेली सही खर्ची पडते.

मग २,५०० रुपये करासह की कर सोडून, हे लिहायलाच हवं. दुसरी गोष्ट, ते दिवसाला की रात्रीला? या इंजिनिअरने सकाळी साडेनऊला खोली घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला सोडली. राहणं एका रात्रीचं. पण चेक-आउट चोवीस तासांनी असलेल्या हॉटेलात अडीच तास जास्त झाले म्हणून दुसऱ्या दिवसाचं भाडं लावलं जाऊ शकतं. ते कंपनी देणार का? आणि नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असेल तर डीए कापायचा का? यांपैकी कोणतंही उत्तर चूक नाही. उत्तर न लिहिणं तेवढं चूक आहे.

तिसरा प्रश्न शहराचा. मुंबईत जी खोली मिळते त्याच पैशात नांदेडला बरंच ऐसपैस राहता येतं, म्हणून बहुतेक ठिकाणी शहरांप्रमाणे मर्यादा असतात. पण धोरणात ‘महानगरे’, ‘मोठी शहरे’ आणि ‘इतर’ असे गट पाडले की नाशिक कुठे बसवायचं यावर वाद. यावर तयार तोडगा आहे. केंद्र सरकार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचं एक्स, वाय आणि झेड असं वर्गीकरण वापरतं. एक्स गटात मुंबई आणि पुण्यासह आठ शहरं आहेत, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर यांसारखी वाय गटात आणि बाकी सगळी झेडमध्ये. खासगी कंपनीने हीच यादी उचलली तरी बिघडत नाही, स्वतःची केली तरी चालेल. शहरं नावानिशी लिहिलेली असली म्हणजे झालं.

राहिला डीए. सुरुवातीच्या टूरमध्ये तीन आकडे आले, कारण मोजायच्या तीन पद्धती होत्या. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, १३ जुलै २०१७ च्या आदेशात, हा प्रश्न थोडक्यात मिटवला. मुख्यालयापासून दूर असलेला काळ प्रत्येक तारखेला मध्यरात्र ते मध्यरात्र मोजायचा. सहा तासांच्या आत असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बारा तासांच्या वर पूर्ण. त्याआधी सहाव्या आयोगानंतरच्या पद्धतीत जेवणाची बिलं जोडून भरपाई घ्यायची असे. २०१७ मध्ये जेवणाची रक्कम ठोक केली आणि बिलांची कटकट संपवली. पे लेव्हल ६ ते ८ साठी तेव्हा ठरलेले दर असे होते: हॉटेल दिवसाला ७५० रुपये, शहरातला प्रवास २२५ रुपये आणि जेवण ८०० रुपये.

हे दर आज वाचून कुणालाही हसू येईल. ७५० रुपयांत कोणत्या शहरात धड खोली मिळते? पण त्याच आदेशात पुढची सोयही होती. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की या मर्यादा २५ टक्क्यांनी वाढतील, असं लिहून ठेवलं होतं. खासगी कंपन्यांच्या धोरणात नेमकं हेच नसतं. दहा वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहतो, मग प्रत्येक बिल ‘विशेष बाब’ म्हणून मंजूर व्हायला लागतं, आणि सगळंच विशेष झालं की मर्यादा नावापुरती उरते. आपल्या ऑफिसात हे झालंय का, हे ओळखणं सोपं आहे. गेल्या तिमाहीतली हॉटेलची बिलं काढायची आणि किती बिलांवर जादा मंजुरीची सही आहे ते पाहायचं. निम्म्याहून जास्त बिलांवर ती असेल तर दोष कर्मचाऱ्यांच्या उधळेपणात शोधू नये, आकडा जुना झालाय.

मोजायची पद्धत कोणती घ्यावी? मध्यरात्रीची पद्धत कागदावर किचकट दिसते, पण तिचा एक फायदा आहे. तिला लागणारी माहिती तिकिटावर छापलेली असते. फक्त निघण्याची वेळ म्हणजे घरातून निघाल्याची, की बस सुटल्याची, हे लिहावं लागतं. बस किंवा गाडी सुटण्याची वेळ धरली तर पडताळता येते. घराचं दार कधी ओढलं, ते कोण पडताळणार? ज्या ऑफिसात टूर फार नाहीत तिथे याहून सोपी पद्धतही चालते: बाहेर काढलेल्या प्रत्येक रात्रीला एक पूर्ण डीए आणि परतीच्या दिवशी अर्धा. तिने हीच टूर मोजली तर तीन रात्री आणि अर्धा दिवस, म्हणजे २,१०० रुपये होतात. हा चौथा आकडा झाला, पण तो सगळ्यांचा सारखाच येतो.

पावती: कशाला, कोणती आणि नसेल तर

पावत्यांबाबत दोन टोकं दिसतात. काही ऑफिसांत चहाचीही पावती मागतात. मग टपरीवरून कोरी पावती आणून घरी बसून भरण्याची कला विकसित होते. काही ठिकाणी उलट, ‘विश्वासावर चालतं’ असं म्हणत काहीच मागत नाहीत आणि ऑडिटच्या आधी महिनाभर सगळे जुन्या बॅगा झटकत बसतात.

मधला रस्ता म्हणजे खर्चांचे तीन गट करायचे. पहिल्या गटात कंपनीच्या नावाचंच बिल लागतं असे खर्च. हॉटेल आणि विमानाचं तिकीट यात येतात. यामागचं कारण कर्मचाऱ्याला क्वचितच सांगितलं जातं. हॉटेलच्या बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक असेल तर त्या कराची वजावट कंपनीला मिळू शकते. बिल कर्मचाऱ्याच्या नावाने असेल तर ती जाते. यातही एक मेख आहे. हॉटेलवरचा कर ते हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो. पुण्याच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर नागपूरच्या हॉटेलचा कर वजावटीत धरता येतो, बंगळुरूच्या हॉटेलचा नाही. म्हणजे बंगळुरूच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून ते परत पाठवण्यात फारसा अर्थ नसतो. कारण ठाऊक असलं की नियम कुठे ताणायचा आणि कुठे सोडायचा, ते कळतं. म्हणून धोरणात नियमाखाली एका ओळीत कारण लिहावं: ‘चेक-इन करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक द्या, चेक-आउटनंतर बिल बदलून मिळेलच असं नाही.’

दुसऱ्या गटात कोणतीही छापील किंवा डिजिटल पावती चालेल असे खर्च. रेल्वे, एसटी आणि खासगी बसचं तिकीट, पेट्रोल, टोल, अ‍ॅपवरून बोलावलेली टॅक्सी. इथे बारकावे दोन. एसटीचं तिकीट, पेट्रोलपंपाची स्लिप हे थर्मल कागदावर असतं. खिशातल्या घामाने, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या उन्हाने त्यावरची अक्षरं उडतात, आणि महिन्याभराने अकाउंट्सच्या टेबलावर कोरा पांढरा कागद येतो. म्हणून त्याच दिवशी काढलेला मोबाइलवरचा फोटो मूळ पावतीइतकाच ग्राह्य, असं धोरणात स्पष्ट हवं. टोलचं तर फास्टॅगमुळे कागदाशी नातंच तुटलं आहे. तिथे फास्टॅग खात्याच्या स्टेटमेंटमधल्या त्या दिवसाच्या ओळी जोडायच्या, हे सांगितलं नाही तर लोक टोलची पावती शोधत बसतात.

दुसरा बारकावा यूपीआयचा. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती असं आता सर्रास समजलं जातं. पण कुणाला किती पैसे गेले एवढंच तो सांगतो, कशासाठी गेले ते नाही. हॉटेल मालकाच्या खात्यात गेलेल्या ३,००० रुपयांत खोली किती, जेवण किती आणि भावाला आणलेली संत्री किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणून स्क्रीनशॉट बिलाच्या जोडीला चालतो, पण बिलाच्या जागी नाही, हे वाक्य हवंच. याच्या उलट, रेल्वेचं तिकीट काढल्याचा पुरावा म्हणजे प्रवास केल्याचा पुरावा नव्हे. तिकीट रद्द करून परतावा घेता येतो. म्हणून रद्द झालेल्या तिकिटाचं काय, हेही लिहावं: काम रद्द झालं तर रद्द करण्याचा आकार कंपनीचा, कर्मचाऱ्याने स्वतःहून बेत बदलला तर त्याचा.

तिसरा गट पावती मिळतच नाही अशा खर्चांचा. रिक्षा, हमाल, स्टँडवरचं क्लोकरूम. यांच्यासाठी दिवसाला एक ठरावीक रक्कम, समजा २५० रुपये, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सहीवर द्यावी. तारीख, कुठून कुठे आणि रक्कम एवढं लिहिलं की पुरे. हे उदारपणाचं लक्षण वाटून बिचकायचं कारण नाही. २०१७ च्या व्यवस्थेत केंद्र सरकारनेही लेव्हल ८ आणि त्याखालच्या कर्मचाऱ्यांना हॉटेलचे पैसे मर्यादेपर्यंत व्हाउचरशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर देण्याची मुभा ठेवली. फक्त त्यात राहण्याचा काळ आणि जागेचं नाव लिहावं लागतं. शहरातल्या प्रवासासाठी तीच सोय लेव्हल ११ पर्यंत आहे, तिथे गाडीचा नंबर लिहायचा. सगळ्या प्रकारच्या ऑडिटला सामोरं जाणाऱ्या सरकारला जे चालतं, ते चाळीस माणसांच्या कंपनीला चालायला हरकत नसावी.

पावती हरवली तर काय, हा प्रश्न जवळपास प्रत्येक धोरण टाळतं. टाळल्याने पावत्या हरवायच्या थांबत नाहीत. हॉटेलकडून बिलाची दुसरी प्रत मागवायची. ती मिळाली नाही तर बँकेच्या स्टेटमेंटमधली नोंद आणि एका ओळीचं निवेदन. आणि ही सवलत वर्षातून दोनदाच. एवढं लिहिलं की विषय संपतो.

मुदत: दोन्ही बाजूंची

मुदतीचं कलम सहसा एकतर्फी असतं. कर्मचाऱ्याने बिल कधी द्यायचं ते लिहिलेलं असतं, ऑफिसाने पैसे कधी द्यायचे ते नसतं. ज्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर हॉटेल भरलं, त्याच्या कार्डाची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून मुदत लिहायची तर तीन टप्प्यांची लिहावी. समजा, टूरवरून परतल्यापासून कामाच्या दहा दिवसांत बिल द्यायचं. अकाउंट्सने काही शंका असल्यास तीन दिवसांत एकदाच, सगळ्या शंका मिळून विचारायच्या. बिल पुरं असेल तर सात दिवसांत पैसे खात्यात जमा करायचे. ‘एकदाच’ हा शब्द मुद्दाम घातलेला. एक बिल तीन वेळा तीन वेगवेगळ्या कारणांनी परत येणं, हा टूरवाल्या माणसाचा सर्वांत मोठा वैताग असतो.

मुदत ठेवायची कशासाठी? महिन्याचे, तिमाहीचे हिशेब बंद करताना कोणाचं किती देणं आहे हे कळावं म्हणून. शिवाय जीएसटीच्या वजावटीलाही मुदत असते. एका आर्थिक वर्षातल्या बिलावरची वजावट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरनंतर घेता येत नाही. कपाटात राहिलेलं मार्चमधलं हॉटेलचं बिल डिसेंबरात बाहेर आलं तर त्यातला कर गेला. सरकारी नोकरीत टीए बिलासाठी पूर्वी वर्षभर मुदत होती. १३ मार्च २०१८ च्या आदेशाने ती साठ दिवसांवर आली, आणि दिवस कुठून मोजायचे हेही त्यात आहे: प्रवास पूर्ण झाल्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून.

हे ‘कुठून’ फार महत्त्वाचं. दहा दिवस म्हणजे परतल्यापासून, की महिना संपल्यापासून? कामाचे, की कॅलेंडरचे? माणूस एका टूरवरून परतून दुसऱ्या दिवशी पुढच्या टूरवर गेला तर? आणि दीड महिना साईटवरच असेल तर काय, तोवर खिशातूनच खर्च करत राहायचं? लांबच्या टूरसाठी दर पंधरा दिवसांनी अर्धं बिल देण्याची सोय लिहिली नाही, तर ज्याचा खर्च सर्वांत जास्त त्याचेच पैसे सर्वांत उशिरा मिळतात.

आणि मुदत चुकली तर? ‘दावा विचारात घेतला जाणार नाही’ असं कडक वाक्य लिहायला सोपं असतं, पाळायला नाही. पहिलाच उशीर एखाद्या चांगल्या माणसाचा होतो, त्याचे नऊ हजार बुडवायला कुणी धजत नाही, नियम मोडला जातो आणि मग तो सगळ्यांसाठीच मोडतो. त्यापेक्षा पायऱ्या लिहाव्यात. दहा दिवसांपर्यंत सरळ. तीस दिवसांपर्यंत विभागप्रमुखाच्या सहीने. साठ दिवसांपर्यंत फायनान्स प्रमुखाच्या सहीने आणि लेखी कारणासह. त्यानंतर नाही. बिलात एखादी पावती कमी असली तरी पहिल्यांदा दिल्याची तारीखच मुदतीसाठी धरायची, हेही लिहावं. नाहीतर तीन दिवस कुणाचे मोडले, यावर नवा वाद उभा राहतो.

अ‍ॅडव्हान्स घेतलेला असेल तर त्याचा हिशेबही याच कलमात हवा. आधीचा अ‍ॅडव्हान्स चुकता केल्याशिवाय नवा मिळणार नाही, हे एक वाक्य बाकीच्या सगळ्या स्मरणपत्रांपेक्षा जास्त काम करतं.

कागदावर उतरवलं की तपासायचं

एवढं ठरल्यावर सुरुवातीचं भारदस्त कलम कसं बदलतं? हॉटेलपुरतं ते असं होईल: ‘राहण्याचा खर्च एका रात्रीला खोलीच्या भाड्याच्या हिशेबाने मिळेल. एक्स शहरात ३,५०० रुपये, वाय शहरात २,५०० रुपये आणि इतरत्र १,८०० रुपयांपर्यंत. ही मर्यादा जीएसटी सोडून आहे. जीएसटी वेगळा मिळेल. सकाळी लवकर पोहोचल्यामुळे किंवा संध्याकाळी निघाल्यामुळे हॉटेलने जादा दिवस लावला, तर विभागप्रमुखाच्या मेलवर तोही मिळेल. भाड्यात नाश्ता असला तरी डीए कापला जाणार नाही. बिल कंपनीच्या नावाचं हवं.’ आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतील. पण वाचणाऱ्याला आता कुणाला फोन करावा लागत नाही.

तरीही मसुदा लिहिणाऱ्याला आपलं वाक्य नेहमीच स्पष्ट वाटतं, कारण त्याला काय म्हणायचंय ते त्याला आधीच माहीत असतं. म्हणून लागू करण्याआधी एक साधी चाचणी घ्यावी. एक काल्पनिक टूर तयार करायची, सहा-सात बिलांसह. त्यात एक रिक्षा विनापावती, एक हॉटेल मर्यादेच्या थोडंसं वर, एक फिकट झालेली पेट्रोलची स्लिप आणि एक रद्द केलेलं तिकीट मुद्दाम घालायचं. नवं धोरण आणि ही बिलं चौघांना द्यायची: सतत टूरवर असणारा एक, नुकताच लागलेला एक, अकाउंट्समधला एक आणि बिलं मंजूर करणारा एक मॅनेजर. एकमेकांना न विचारता प्रत्येकाने क्लेम भरायचा.

चौघांची बेरीज सारखी आली तर मसुदा तयार. नाही आली तर फरक कोणत्या ओळीत पडला ते पाहायचं. समजा, मॅनेजरने बुधवारच्या डीएमधून पैसे कापले, कारण ग्राहकाच्या कँटीनमध्ये दुपारचं जेवण झालं होतं, आणि बाकी तिघांनी कापले नाहीत. म्हणजे ‘दुसऱ्याने जेवण दिलं तर डीएचं काय’ हे कलम राहून गेलं आहे. मग ठरवायचं. ग्राहकाकडचं एखादं जेवण मोजत बसू नये, हे सोयीचं. पण तीन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात तिन्ही वेळचं जेवण मिळत असेल तर डीए कमी करणं रास्तच. दोन वाक्यांत ते लिहिता येतं. चुकला तो मॅनेजर नव्हे, मसुद्यात एक ओळ कमी होती. ती भरली की नव्या बिलांचा संच घेऊन दुसरी फेरी करायची. नवख्याला आणि टूरवाल्याला या चाचणीत बसवणं विशेष उपयोगी पडतं, कारण अकाउंट्सच्या माणसाला न लिहिलेले नियमही माहीत असतात आणि तो नकळत ते वापरतो.

काही गोष्टींना मर्यादा लावूच नये, आणि त्याही लिहून ठेवाव्यात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात स्टेशन किंवा विमानतळावरून टॅक्सी घेतली तर शहरी प्रवासाची मर्यादा लागू नाही, पावती तेवढी हवी. हे वाक्य नसेल तर मध्यरात्री अनोळखी शहरात उतरलेली एखादी कर्मचारी १२० रुपये वाचवण्यासाठी शेअर रिक्षा शोधत उभी राहते. टूरवर आजारी पडल्यास डॉक्टर आणि औषधांचा खर्च, बंद किंवा पुरामुळे अडकल्यास जादा रात्रींचा खर्च, यांनाही एकेक ओळ पुरते. मंजुरी कुणाची लागेल ते पदाच्या नावासकट लिहायचं आणि तो माणूस रजेवर असेल तर कुणाची, तेही.

शेवटी मांडणीची एक सोय. नियम आणि आकडे एकाच कागदावर ठेवू नयेत. मोजायची पद्धत, पावत्यांचे गट, मुदतीच्या पायऱ्या हे मूळ धोरणात; रुपयांतल्या सगळ्या मर्यादा, किलोमीटरचा दर आणि शहरांची यादी एका पानाच्या परिशिष्टात. मग दर एप्रिलला एवढंच पान बदलायचं, वरच्या कोपऱ्यात तारीख टाकायची. बदलाच्या दिवशी जे टूरवर असतील त्यांना कोणता दर, याचंही उत्तर त्याच पानावर असावं. टूर ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेचा दर पूर्ण टूरला लावला, तर ३१ मार्चच्या रात्रीच्या बसचं बिलही दोन तुकड्यांत मोजावं लागत नाही.